दोन तासांची सभा, दीड पानाचं इतिवृत्त

गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीची सभा रविवारी सकाळी साडेदहाला सुरू होते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चालते. पूर्वी सचिव वहीत चार ओळी टिपून घेत आणि घरी जाऊन आठवणीवर इतिवृत्त लिहीत. आता टेबलावर मोबाइल ठेवून सगळी सभा रेकॉर्ड करतात आणि त्या रेकॉर्डिंगचा लिखित उतारा संगणकावर तयार होतो. एक तास पन्नास मिनिटांच्या सभेचा असा उतारा बारा-तेरा हजार शब्दांचा, म्हणजे सुमारे चाळीस पानांचा होतो. त्यात प्रत्येक वाक्य असतं, पण कुणी काय करायचं हे शोधायला बसलं की तासभर जातो आणि तरीही खात्री होत नाही.

या चाळीस पानांचं दीड पान करताना बहुतेक लोक उतारा वरून खाली वाचत जातात आणि प्रत्येक परिच्छेद थोडाथोडा लहान करतात. त्यातून चाळीसाची दहा पानं होतात. ती वाचायला सोपी असतात, पण त्यांनी कुणाचं काम होत नाही. कारण इतिवृत्त हा संभाषणाचा सारांश नसतो. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने १८७६ साली सभासंचालनावर एक नियमपुस्तक प्रसिद्ध केलं. ते आजही जगभर वापरात आहे. सभेत काय बोललं गेलं याऐवजी सभेने काय केलं ते इतिवृत्तात लिहावं, हा त्या परंपरेतला इतिवृत्ताचा पाया आहे. लिखित उतारा हाताशी असला की नेमका हाच पाया सुटतो, कारण समोर सगळं बोलणंच पडलेलं असतं आणि एकही वाक्य टाकवत नाही.

हे काम प्रत्यक्ष कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण सोसायटीच्या कमिटीत बसलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. सभा १३ एप्रिलच्या रविवारी झाली. विषयपत्रिकेवर पाच विषय होते आणि त्यातला तिसरा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. पावसाळ्याआधी काम व्हायला हवं आणि तीन ठेकेदारांची दरपत्रकं आली आहेत: ३,९०,००० रुपये, ४,८०,००० रुपये आणि ५,३५,००० रुपये. उताऱ्यात एकविसाव्या मिनिटाला हे संभाषण आहे:

[२१:४०] अध्यक्ष : मग चार ऐंशीवालाच फायनल करू या. काय म्हणता?
[२१:५२] पहिले सदस्य : चालेल. मेहुण्याच्या सोसायटीत त्याचं काम बघितलंय मी. चांगलं आहे.
[२२:०५] खजिनदार : पैसे आहेत, पण लिफ्टचं बिल पण यायचंय अजून.
[२२:१५] दुसरे सदस्य : तीन नव्वदवाला काय वाईट आहे? नव्वद हजार वाचतात.
[२२:२४] अध्यक्ष : अहो, तो लेखी गॅरंटीच देत नाही.
[२२:३१] पहिले सदस्य : गॅरंटी लेखीच पाहिजे. चार ऐंशीवाल्यालाही कुणीतरी विचारायला पाहिजे, नक्की किती वर्षांची देतो ते.
[२२:४०] सचिव : हो, ते बघायला पाहिजे.

पुढे चर्चा लिफ्टच्या देखभालीच्या कराराकडे वळते, मग पार्किंगकडे. जवळजवळ पन्नास मिनिटं गच्चीचं नाव निघत नाही. आणि मग:

[१:११:०५] खजिनदार : एक मिनिट, मघाचं गच्चीचं. एवढा खर्च आपण कमिटीत नाही मंजूर करू शकत. जनरल बॉडीत न्यावा लागेल.
[१:११:२०] अध्यक्ष : हो, बरोबर आहे. मग मेच्या पहिल्या रविवारी घेऊन टाकू या.
[१:११:३१] सचिव : नोटीस मी काढतो.
[१:११:३६] दुसरे सदस्य : आणि ते गॅरंटीचं?
[१:११:४०] अध्यक्ष : काका, तुम्ही बोलाल का त्या ठेकेदाराशी? तुम्ही काम बघितलंय त्याचं.
[१:११:४७] पहिले सदस्य : बोलतो. पण लेखी मागायचं तर सोसायटीचं पत्र द्या मला.
[१:११:५५] सचिव : पत्र उद्या देतो.
[१:१२:०२] दुसरे सदस्य : माझा विरोध लिहून घ्या. तीन नव्वदवाल्याला एकदा बोलवायला हवं होतं.

उतारा क्रमाने लहान करत जाणारा माणूस एकविसाव्या मिनिटाशी पोहोचला की लिहून मोकळा होतो: "४,८०,००० रुपयांचे दरपत्रक मंजूर." पन्नास मिनिटांनंतरचं बोलणं त्याच्या कागदावर पार्किंगच्या खाली कुठेतरी "गच्चीबाबतही चर्चा झाली" एवढंच उरतं. असं इतिवृत्त हाती घेऊन अध्यक्षांनी ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली, तर आपल्या अधिकारात नसलेला खर्च कमिटीने केला असा त्याचा अर्थ होतो. सोसायटीच्या उपविधींमध्ये दुरुस्तीवर कमिटी स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते याची मर्यादा घातलेली असते. त्यावरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. खजिनदारांना हे वेळेत आठवलं, पण ते इतिवृत्तात उतरलं नाही तर आठवूनही उपयोग झाला नाही.

म्हणून उतारा हातात आला की पहिल्या वाचनात काहीही लहान करू नये. फक्त विषय वेगळे करावेत. प्रत्येक बोलण्यापुढे विषयपत्रिकेतला क्रमांक टाकायचा. गच्चीचं बोलणं कुठेही आलं असो, पुढे ३. लिफ्टचं आलं की ४. चहा, हवापाणी, कुणाच्या मुलीचं लग्न, यांच्यापुढे काहीच नाही. नंतर ३ क्रमांकाच्या सगळ्या ओळी वेळेसकट एका जागी आणायच्या. विखुरलेलं संभाषण असं सलग झालं की ते पहिल्यांदाच वाचता येतं. सभा कधीच विषयपत्रिकेच्या क्रमाने चालत नाही. माणसं मध्येच आठवतं तेव्हा मागे जातात आणि बऱ्याचदा सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तेव्हाच बोलतात.

सलग केलेला विषय नंतर शेवटाकडून वाचावा. ही सवय मला फार मोलाची वाटते. एखाद्या विषयावर सभेचं शेवटचं म्हणणं काय होतं ते आधी शोधायचं आणि मग मागे जात त्याला आधार देणारी किंवा बदललेली बोलणी पाहायची. गच्चीच्या बाबतीत शेवटाकडून वाचताना आधी विरोधाची नोंद मिळते, मग पत्र, मग ठेकेदाराशी बोलण्याची जबाबदारी, मग नोटीस आणि मग जनरल बॉडी. एकविसाव्या मिनिटाचं "फायनल करू या" समोर येईपर्यंत आपल्याला कळलेलं असतं की ते अंतिम नाही.

पण मग त्या "फायनल करू या"चं करायचं काय? इथे एक बारीक अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विषय जनरल बॉडीत न्यायचं ठरलं, हे स्पष्ट आहे. पण ४,८०,००० च्या दरपत्रकाची शिफारस करून न्यायचा की तिन्ही दरपत्रकं ठेवून सभासदांनाच निवडू द्यायचं? उताऱ्यात याचं उत्तर नाही. एकविसाव्या मिनिटाची सहमती कुणी मागे घेतली नाही आणि कुणी पुन्हा उच्चारलीही नाही. अशा वेळी लिहिणाऱ्याला मोह होतो की सगळ्यांना हेच म्हणायचं असणार, असं धरून वाक्य पूर्ण करावं. तो टाळावा. इतिवृत्त लिहिणाऱ्याचं काम सभेचं अपुरं वाक्य पुरं करण्याचं नाही. इथे अध्यक्षांना फोन करायचा आणि उत्तर मिळालं की ते कच्च्या इतिवृत्तात "सभेनंतर अध्यक्षांना विचारून" असं सांगून लिहायचं, म्हणजे बाकीच्या सदस्यांना हरकत घेता येईल. आपल्या उदाहरणात अध्यक्ष म्हणाले, शिफारस करूनच न्यायचा, पण तिन्ही दरपत्रकं सोबत जोडायची.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यातून काही ठरलं का, कुणी काही करायचं कबूल केलं का, की एखादा प्रश्न उघडा राहिला? तिन्हीपैकी काही नसेल तर ओळ गेली. मेहुण्याच्या सोसायटीतलं काम गेलं. "तीन नव्वदवाला काय वाईट आहे" हेही जाईल, पण त्याला मिळालेलं उत्तर राहील, कारण सर्वांत स्वस्त दरपत्रक का घेतलं नाही याचं ते कारण आहे. निर्णयामागचं कारण एका ओळीत ठेवण्याचा मी आग्रह धरीन. दोन वर्षांनी कमिटी बदलते, हिशेब तपासनीस विचारतो, सर्वांत कमी दर का नाकारला, आणि जुने पदाधिकारी तोवर मुलाकडे बंगळूरला राहायला गेलेले असतात.

मराठी सभेतली काही वाक्यं या चाळणीत फसवतात. "कुणीतरी विचारायला पाहिजे", "ते बघायला पाहिजे", "करून टाकू", "होऊन जाईल". या वाक्यांमध्ये काम आहे, पण करणारा माणूस नाही. बाविसाव्या मिनिटाला सचिव "हो, ते बघायला पाहिजे" म्हणाले. घाईत वाचलं तर सचिवांनी जबाबदारी घेतली असं वाटतं. त्यांनी घेतलेली नाही, नुसता दुजोरा दिला आहे. उलट एक तास अकराव्या मिनिटाला "नोटीस मी काढतो" हे खरं कबूल करणं आहे, आणि "बोलतो" या एका शब्दाच्या उत्तरातही कबुली आहे, कारण समोरच्याने थेट त्यांनाच विचारलं होतं. कागदावर कुणाचं नाव लिहायचं याची कसोटी हीच: त्या माणसाने स्वतः हो म्हटलं का? अध्यक्षांनी एखाद्याचं नाव घेतलं आणि तो गप्प राहिला, तर ते काम अजून त्याचं नाही. तो सभेला आलाच नसेल, तर मुळीच नाही. त्याला विचारून मगच नाव लिहावं, नाहीतर पुढच्या सभेत "मला कुणी सांगितलंच नाही" हे वाक्य ऐकावं लागतं आणि ते खोटं नसतं.

कामापुढे नाव एकच असावं. "कमिटी", "सर्व सदस्य", "सचिव व खजिनदार" असं लिहिलेली कामं सर्वांत जास्त रेंगाळतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. दोघांची मदत लागणार असेल तर एक जण जबाबदार आणि दुसरा सोबत असं लिहावं. आपल्या उदाहरणात गॅरंटीच्या कामात दोन टप्पे आहेत: सचिवांनी पत्र द्यायचं आणि काकांनी ते घेऊन ठेकेदाराकडे जायचं. हे एकच काम म्हणून "गॅरंटीबाबत पाठपुरावा : सचिव व सदस्य" असं लिहिलं तर पत्र देणं राहून जातं, आणि काका पत्राची वाट पाहत बसतात. दोन ओळी, दोन नावं, दोन तारखा.

तारखांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. "उद्या", "पुढच्या आठवड्यात", "पाऊस सुरू व्हायच्या आत" हे सगळं सभेच्या दिवसापासून मोजायचं असतं आणि इतिवृत्त लोक चार दिवसांनी वाचतात. "पत्र उद्या देतो" याचं "सोमवार, १४ एप्रिल" करायचं, आणि कॅलेंडर समोर ठेवूनच करायचं. १४ एप्रिल ही आंबेडकर जयंतीची सुट्टी. पत्र इमारतीतल्या इमारतीत द्यायचं असल्यामुळे इथे अडत नाही, पण बँकेत जायचं काम असतं तर अडलं असतं. "मेचा पहिला रविवार" म्हणजे ४ मे. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस त्यात मोजत नाहीत. म्हणजे मधले पाच दिवस २९ एप्रिल ते ३ मे, आणि नोटीस निघायची शेवटची तारीख २८ एप्रिल. ही तारीख सभेत कुणीच उच्चारली नाही, तरी ती ठरलेल्या गोष्टींतून सरळ निघते, म्हणून लिहायला हरकत नाही.

काकांच्या कामाची तारीख मात्र कशातूनच निघत नाही. ते "बोलतो" म्हणाले, केव्हा ते म्हणाले नाहीत. नोटिशीसोबत ठेकेदाराचं हमीपत्र जोडायचं असेल तर ते २८ एप्रिलच्या बरंच आधी हवं. हे त्यांना फोनवर सांगून विचारायचं. ते म्हणाले, "चोवीस तारखेपर्यंत आणून देतो." ही तारीख लिहिताना ती सभेत ठरली नव्हती, हे कळायला हवं, म्हणून पुढे "नंतर विचारून" एवढं लिहायचं. कुणी तारीख देत नसेल तर जागा मोकळी सोडू नये. "तारीख ठरायची आहे" असं स्पष्ट लिहावं. मोकळी जागा विसरल्यासारखी दिसते आणि सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

यानंतर रेकॉर्डिंगकडे परत जाण्याची वेळ येते. सगळं ऐकायचं नाही, फक्त निर्णय आणि कामं जिथे झाली त्या जागा. उताऱ्यात वेळ लिहिलेली असते ती याच कामासाठी. संगणकाने केलेल्या उताऱ्यात तीन ठिकाणी हमखास चुका होतात. पहिलं ठिकाण आकड्यांचं. "चार ऐंशी" हे बोलताना सगळ्यांना कळतं, पण उताऱ्यात ते ४८० किंवा ४.८० असं उमटू शकतं. "दीड", "अडीच", "साडेतीन" पुढे लाख होतं की हजार हे बोलणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. "पंचवीस" आणि "पस्तीस" घोळक्यातल्या आवाजात सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा नेहमी मूळ कागदाशी, इथे दरपत्रकाशी, ताडून बघायचा. दुसरं ठिकाण नकाराचं. "आपण हे करायचं नाही का?" यात बोलणारा करा म्हणतो आहे. प्रश्नचिन्ह गळलं आणि "का" गाळला गेला की तोच उतारा "आपण हे करायचं नाही" असं सांगू लागतो. तिसरं ठिकाण नावांचं. दोन जण एकाच वेळी बोलले, किंवा मोबाइलपासून लांब बसलेला माणूस बोलला, की त्याचं वाक्य शेजारच्याच्या नावावर जातं. "बोलतो" हा शब्द काकांनी म्हटला की त्यांच्या शेजाऱ्याने, यावर एका माणसाचं काम अवलंबून आहे. ती दहा सेकंदं कानांनी ऐकल्याशिवाय नाव लिहू नये.

आता राहिला विरोध. "माझा विरोध लिहून घ्या" असं कुणी म्हटलं की ते लिहिणं ऐच्छिक नाही. सहकारी संस्थेच्या कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर एकत्रितपणे येते आणि विरोध केलेल्या माणसाला ते दाखवता यायला हवं. कंपन्यांच्या बाबतीत तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ११८ मध्येच सांगितलं आहे की संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठरावाला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावं आली पाहिजेत. त्याच कलमात अध्यक्षाला हेही ठरवता येतं की एखाद्याची बदनामी करणारा, कामाशी असंबद्ध किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर इतिवृत्तात घेऊ नये. ही दोन्ही कलमं मिळून इतिवृत्ताचा स्वभाव चांगला सांगतात. मतभेद राहतात, भांडण राहत नाही. दुसऱ्या सदस्यांनी विरोध केला आणि का केला ते एका ओळीत येईल. त्यावरून अध्यक्ष आणि त्यांच्यात पाच मिनिटं जे झालं ते येणार नाही. ते उताऱ्यात आहे आणि तिथेच राहू द्यावं.

आता या एका विषयाचं इतिवृत्त असं होईल. खऱ्या कागदावर हुद्द्यांच्या जागी माणसांची नावं असतील.

विषय ३. गच्चीचे वॉटरप्रूफिंग
निर्णय : रु. ४,८०,००० च्या दरपत्रकाची शिफारस करून विषय मंजुरीसाठी रविवार, ४ मे रोजी विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. तिन्ही दरपत्रके सोबत जोडावीत. (शिफारस व जोडपत्रांबाबत सभेनंतर अध्यक्षांना विचारून.)
कारण : खर्च समितीच्या मर्यादेबाहेर आहे. रु. ३,९०,००० चा दर देणारा ठेकेदार लेखी हमी देत नाही.
विरोध : दुसरे सदस्य. कमी दराच्या ठेकेदाराला चर्चेस बोलवायला हवे होते, असे त्यांचे मत.
कार्यवाही :
– हमीपत्र मागणारे सोसायटीचे पत्र पहिल्या सदस्यांना देणे. सचिव. १४ एप्रिल.
– हमीची वर्षे व अटी ठेकेदाराकडून लेखी आणणे. पहिले सदस्य. २४ एप्रिल (नंतर विचारून).
– विशेष सभेची नोटीस दरपत्रके व हमीपत्रासह सर्व सभासदांना देणे. सचिव. २८ एप्रिलपर्यंत.

उताऱ्यातल्या शंभरेक ओळींचं हे इतकंच झालं. पाच विषयांचं मिळून दीड पान होतं. सुरुवातीला तारीख, वेळ, हजर आणि रजा कळवलेले सदस्य, गणपूर्ती झाल्याची नोंद आणि मागील सभेचं इतिवृत्त कायम केल्याची एक ओळ. प्रत्येक विषयाची कामं त्या विषयाखाली आहेतच, पण शेवटी सगळी कामं माणसांच्या नावांप्रमाणे पुन्हा एकदा एकत्र लावून द्यावीत. कमिटीतल्या माणसाला पूर्ण इतिवृत्त वाचायला वेळ नसतो. आपल्या नावाखाली काय आहे ते मात्र तो मोबाइलवर लगेच बघतो.

काम नेमकं लिहिलं आहे का हे ओळखायला क्रियापदाकडे बघावं. "पाठपुरावा करणे", "लक्ष घालणे", "चर्चा करणे" ही कामं कधी संपली हे कुणालाच सांगता येत नाही. "लेखी आणणे", "पत्र देणे", "नोटीस काढणे" यांच्या शेवटी हातात एक कागद असतो आणि तो आला की काम झालं. पुढे मंजुरी मिळून वॉटरप्रूफिंग सुरू झालं की त्यातही हाच फरक पडतो. "काम तपासणे" यापेक्षा "गच्चीवर ४८ तास पाणी भरून ठेवून वरच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची छतं बघणे" असं लिहिलं तर ठेकेदाराचं शेवटचं बिल कधी द्यायचं हे खजिनदारांना आपोआप कळतं. मात्र सभेत कुणीच इतकं नेमकं बोललं नसेल तर लिहिणाऱ्याने आपल्या मनाने अट घालू नये. ज्याचं काम आहे त्याला विचारून शब्द नेमका करावा.

कच्चं इतिवृत्त सभेनंतर दुसऱ्या दिवशी गेलं तर दुरुस्त्या येतात. दहा दिवसांनी गेलं तर कुणालाच काही आठवत नाही आणि सगळे "ठीक आहे" म्हणतात. पाठवण्याआधी, सभेला नसलेल्या एखाद्या सदस्याला ते वाचायला द्यावं. त्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: गच्चीचं काय ठरलं, आता पुढची हालचाल कुणाची, आणि केव्हापर्यंत. तो "म्हणजे ठेकेदार ठरला ना?" असं विचारत असेल, तर निर्णयाचं वाक्य पुन्हा लिहायचं.

आलेल्या दुरुस्त्यांमध्ये दोन प्रकार असतात. "मी पंधरा मे म्हटलं होतं, तुम्ही पाच लिहिलं" ही खरी दुरुस्ती. त्या वेळेचं रेकॉर्डिंग ऐकून ती करायची. "माझं म्हणणं असं होतं की" म्हणून आलेलं मोठं पत्र म्हणजे सभेत न बोललेली गोष्ट आता बोलणं. ते इतिवृत्तात घालता येत नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं आणि अध्यक्षांनी सही केली की त्या पानावर खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर त्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्तीची नवी नोंद होते आणि जुनं पान तसंच राहतं. रेकॉर्डिंग आणि उतारा इतिवृत्त कायम होईपर्यंत जपून ठेवावेत. पुढे किती काळ ठेवायचे हे कमिटीने एकदा ठरवून सगळ्यांना सांगावं. सभा रेकॉर्ड होते आहे हेही सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरता कामा नये, कारण त्यात माणसांची खासगी बोलणी असतात.

पुढच्या सभेत "मागील इतिवृत्तावरील कार्यवाही" हा विषय येतो तेव्हा हीच यादी समोर ठेवायची आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एकच शब्द लिहायचा: झाले, चालू, रद्द. "चालू" असेल तर नवी तारीख तिथल्या तिथे ठरवून घ्यायची. "रद्द" लिहायला कमिट्या कचरतात, पण जे काम आता करायचं नाही ते यादीत अडकून राहिलं तर चार सभांनी यादी तीन पानांची होते आणि कुणी ती उघडतही नाही. एखादं काम सलग तीन सभांमध्ये "चालू" राहिलं, तर त्या माणसाला पुन्हा तारीख विचारण्याऐवजी काम नेमकं कुठे अडलं आहे ते विचारायचं. काकांच्या बाबतीत उत्तर बहुधा हे असेल की सोसायटीच्या पत्रावर शिक्का नव्हता आणि ठेकेदाराने ते परत पाठवलं. मग पुढची ओळ काकांच्या नावावर राहत नाही, सचिवांच्या नावावर जाते, आणि तिच्यापुढे नवी तारीख येते.